बचत ठेवी १.७० कोटींनी का घटल्या? शाखेच्या मासिक अहवालातील टिप्पणीविषयी

प्रश्न: मी नागपुरात एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. मासिक कामगिरी अहवालातील माझ्या टिप्पणीवर विभागीय कार्यालयाकडून दर वेळी "हे तर तक्त्यातच दिसते" असा शेरा येतो. ठेवी घटल्या, एनपीए कमी झाले, याहून वेगळे काय लिहायचे?

उत्तर: तक्त्यात दिसणारा फरक घटकांत फोडून दाखवायचा आणि त्या घटकांची बेरीज नेमकी त्या फरकाएवढी आली पाहिजे. मी नागपुरातील एका विभागीय कार्यालयात काही वर्षे शाखांचे अहवाल वाचण्याचेच काम केले. तेव्हाचे एक प्रकरण सांगतो. आकडे थोडे बदलले आहेत.

इतवारी भागातील एका शाखेच्या नोव्हेंबरच्या अहवालात बचत ठेवी ४२.६० कोटींवरून ४०.९० कोटींवर आलेल्या होत्या, आणि टिप्पणीत लिहिले होते, "सणासुदीच्या खर्चामुळे बचत ठेवींत १.७० कोटींची घट." वाक्य वाचायला बरे होते, परंतु त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्येच उरकली होती. आदल्या वर्षीचे वाक्य तसेच उतरवले गेले असावे. शिवाय सणाचा खर्च हे खरे कारण असते, तर ही घट शेकडो लहान खात्यांत दहा-वीस हजारांनी पसरलेली दिसली असती. ती चार-दोन खात्यांत साचलेली असेल, तर कारण त्या खातेदारांकडेच शोधावे लागते. कोणतेही कारण लिहिण्यापूर्वी घट पसरलेली आहे की साचलेली, एवढे पाहिले तरी निम्मी चुकीची कारणे गळून पडतात.

ते पाहण्यासाठी सीबीएसमधून दोन्ही महिनाअखेरच्या खातेनिहाय शिलकीच्या याद्या काढाव्यात आणि एक्सेलमध्ये नव्या यादीसमोर जुनी शिल्लक आणावी. `A` स्तंभात खाते क्रमांक आणि `C` स्तंभात शिल्लक आहे असे धरले, तर सूत्र असे होते:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,'31Oct'!A:C,3,FALSE),0)
```

नवीन शिलकीतून ही शिल्लक वजा करून फरकाच्या क्रमाने यादी लावली की सर्वांत मोठे बदल वर येतात. येथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. महिन्याभरात बंद झालेली खाती नव्या यादीत नसतातच, त्यामुळे ती जुन्या यादीतून वेगळी काढून जोडली नाहीत तर एकूण फरक तक्त्याशी जुळत नाही. दुसरे म्हणजे, एका यादीत खाते क्रमांक मजकूर म्हणून आणि दुसरीत संख्या म्हणून आला असेल, तर सूत्राला जुनी शिल्लक सापडत नाही आणि सगळीच खाती नवीन असल्यासारखी दिसतात. क्रमांक १५ अंकांहून मोठा असेल, तर एक्सेल त्यापुढील अंकांचे शून्य करून टाकते. म्हणून तो स्तंभ सुरुवातीपासून मजकूर म्हणूनच घ्यावा.

त्या शाखेला आम्ही ही यादी करायला लावली. एका शिक्षणसंस्थेने बचत खात्यातील १.१० कोटी त्याच शाखेत मुदत ठेवीत ठेवले होते. एका कुटुंबाला जमिनीच्या मोबदल्याचे पैसे मिळाले होते, त्यातील ८५ लाख घरखरेदीसाठी दुसऱ्या बँकेत गेले होते. उरलेल्या सर्व खात्यांत मिळून २५ लाखांची वाढच होती. १.१० आणि ०.८५ यांची बेरीज १.९५, त्यातून ०.२५ वजा, म्हणजे १.७०. हिशेब जुळला, आणि "ठेवी घटल्या" या एका वाक्यामागून तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. पहिलीत पैसा शाखेतच आहे, फक्त महाग झाला आहे. आमच्या बचत आणि मुदत ठेवींच्या दरांत तेव्हा साधारण चार टक्क्यांचा फरक होता, त्यामुळे १.१० कोटींवर व्याजखर्च महिन्याला सुमारे ३७ हजारांनी वाढला. दुसरीतला पैसा खरोखर गेला आहे, पण तो कधीतरी जाणारच होता. तिसरी, म्हणजे सामान्य ग्राहकांची बचत वाढणे, ही त्या महिन्यातली खरी चांगली बातमी होती आणि अहवालात तिचा मागमूस नव्हता!

टक्केवारीच्या आकड्यांत हाच घोळ अधिक होतो, कारण तेथे अंश हलला की छेद, हे वरून कळत नाही. त्याच अहवालात "वसुलीच्या प्रयत्नांमुळे एनपीए ४.८० टक्क्यांवरून ४.५६ टक्क्यांवर" असे वाक्य होते. प्रत्यक्षात एनपीएची रक्कम दोन्ही महिन्यांत १.९२ कोटीच होती. एकूण कर्जे ४० कोटींवरून ४२.१० कोटींवर गेल्याने टक्केवारी उतरली होती. कर्जे वाढण्याचे कारण म्हणजे कळमना बाजारात सोयाबीनची आवक सुरू होती आणि व्यापाऱ्यांनी कॅश क्रेडिटच्या मर्यादेतून जास्त उचल केली होती. माल विकला गेला की ही उचल परत भरली जाते, छेद लहान होतो आणि एकही नवे खाते न बिघडता टक्केवारी पुन्हा चढते.

रक्कम तीच राहिली याचाही अर्थ काही घडले नाही असा नव्हता. १४ लाखांची वसुली झाली होती, ८ लाखांच्या एका खात्यातील सर्व थकबाकी भरली गेल्याने ते पुन्हा प्रमाणित वर्गात आले होते, आणि ९० दिवस उलटलेली २२ लाखांची नवी खाती एनपीएत आली होती. वसुली झाली हे व्यवस्थापकांचे म्हणणे खरेच होते, पण जेवढे बाहेर काढले तेवढेच आत आले होते. विभागीय कार्यालयाला या २२ लाखांविषयी जाणून घ्यायचे असते, कारण ती खाती आदल्या महिन्यात ६१ ते ९० दिवसांच्या थकबाकीत, म्हणजे एसएमए-२ मध्ये, दिसत असणारच.

प्रत्येक आकड्याचे असे विच्छेदन करत बसू नये. आम्ही दोन टक्के किंवा २५ लाख, यांपैकी जे मोठे असेल त्याहून लहान फरकाला टिप्पणी मागत नव्हतो. कारण सापडले नसेल तर "३० लाखांच्या घटीचे कारण तपासत आहोत" असे लिहिलेले मला अंदाजाने ठोकून दिलेल्या कारणापेक्षा केव्हाही चालत असे. खातेदाराचे नाव मात्र टिप्पणीत घालू नका. अहवाल बऱ्याच टेबलांवर फिरतो, तेव्हा "एक शिक्षणसंस्था" एवढे पुरते.

त्या शाखेची सुधारलेली टिप्पणी अशी झाली:

> "बचत ठेवींत १.७० कोटींची घट. त्यांपैकी १.१० कोटी एका संस्थेने याच शाखेत मुदत ठेवीत वळवले (व्याजखर्चात दरमहा सुमारे ३७ हजारांची वाढ) आणि ८५ लाख जमिनीच्या मोबदल्याच्या रकमेतून घरखरेदीसाठी गेले, ते परत येणार नाहीत. इतर खात्यांत २५ लाखांची वाढ. एनपीएची रक्कम १.९२ कोटींवर कायम: २२ लाखांची भर, २२ लाखांची वसुली व वर्गसुधारणा. टक्केवारीतील घट हंगामी कॅश क्रेडिटमुळे आहे. उचल फेडली गेल्यावर ती पुन्हा ४.८० च्या आसपास जाईल."

शेवटचे वाक्य लिहायला व्यवस्थापक तयार नव्हते, कारण वाईट बातमी आपणच आधी का द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारीअखेर टक्केवारी ४.७७ झाली, तेव्हा त्या शाखेला खुलासा विचारणारे पत्र गेले नाही, कारण खुलासा तीन महिन्यांपूर्वीच फाइलला लागलेला होता.