अहवाल 7 टक्क्यांचा आहे, मग प्रतिज्ञापत्रावर सही करू का?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मराठी विषयात पीएच.डी. करते. प्रबंध 260 पानांचा, सुमारे 72,000 शब्दांचा, श्री-लिपीत टाइप केलेला. साम्य तपासणीचा अहवाल 7 टक्के आला आहे. दुसऱ्या प्रकरणात एका इंग्रजी समीक्षाग्रंथातले अकरा परिच्छेद मी मराठीत करून घेतले आहेत. तो ग्रंथ संदर्भसूचीत आहे, पण तळटिपा नाहीत. चौथ्या प्रकरणातली 32 पाने, मुलाखतींच्या तक्त्यांसह, माझ्याच एम.फिल.च्या प्रबंधिकेतून आली आहेत. गाईड सर म्हणतात, ‘सगळे सही करतात, 10 च्या आत आहे ना!’ बारा दिवसांत प्रबंध सादर करायचा आहे. सही केली तर पुढे काही अडचण येईल का?

उत्तर : आज प्रबंध जसा आहे तसा सादर करणार असाल, तर सही करू नका. बारा दिवसांत तो सही करण्याजोगा होऊ शकतो, आणि त्यासाठी पुन्हा लेखन करण्याची फारशी गरज नाही.

आधी प्रतिज्ञापत्राचा मजकूर समोर घ्या आणि एकेक वाक्य वेगळे करून वाचा. विद्यापीठागणिक शब्द बदलतात, पण साधारणपणे त्यात चार गोष्टी लिहून द्याव्या लागतात. हे लेखन मी स्वतः केले आहे. त्यात वाङ्मयचौर्य नाही. विद्यापीठाने मान्य केलेल्या साधनाने ते तपासले आहे. आणि हा प्रबंध यापूर्वी दुसऱ्या कोणत्याही पदवी-पदविकेसाठी दिलेला नाही. पहिल्या तीन गोष्टी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांतून आल्या, जे 2018 चे आहेत. चौथी पीएच.डी.च्या 2022 च्या विनियमांत आहे. 7 टक्क्यांचा अहवाल यांपैकी फक्त तिसऱ्या वाक्याला आधार देतो. बाकीची तीन वाक्ये तुमच्या स्वतःच्या माहितीवर उभी आहेत. यंत्राला जे सापडले नाही पण तुम्हाला ठाऊक आहे, तेही ‘वाङ्मयचौर्य नाही’ या शब्दांत येते.

तुमच्या बाबतीत तर तिसरे वाक्यही डळमळीत आहे. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षरे दिसतात, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. ‘आणि’ या शब्दाच्या जागी तिथे `Am{U` असे काहीतरी असते. तपासणीचे सॉफ्टवेअर तेच वाचते, आणि युनिकोडमधल्या मराठी मजकुराशी ते जुळूच शकत नाही. मग जे साम्य निघते ते बहुधा इंग्रजी उताऱ्यांचे, संदर्भसूचीतल्या रोमन नावांचे. हे ओळखायला एक मिनिट लागते. तपासणीला दिलेल्या फाइलमधले एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटले तर ठीक. अक्षरांचा काला उमटला तर तो 7 हा आकडा तुमच्या मराठी लेखनाबद्दल काहीच सांगत नाही. पीडीएफमधून युनिकोड मजकूरही कधी कधी तुटून येतो, म्हणून ही खात्री मूळ वर्ड फाइलवर करा. फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करा, जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, आणि ग्रंथालयाकडून पुन्हा तपासणी करून घ्या. हे काम पहिल्या दोन दिवसांतच उरका, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

आकडा काय येईल, याचा अंदाज आजच बांधता येतो. तुमच्या 260 पानांत 72,000 शब्द, म्हणजे पानाला सुमारे 277. एम.फिल.ची 32 पाने म्हणजे जवळजवळ 8,900 शब्द, प्रबंधाच्या 12 टक्क्यांहून थोडे जास्त. ती प्रबंधिका सॉफ्टवेअरच्या संचात युनिकोडमध्ये असेल, तर एवढ्यानेच तुम्ही 10 ची रेषा ओलांडता. विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 च्या वर 40 पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. 40 च्या वर 60 पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द होते.

‘10 च्या आत’ हे वाक्य संशोधकांच्या तोंडी फार बसले आहे, आणि त्याने नुकसान होते. त्याच विनियमांत असेही म्हटले आहे की सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्पत्ती, निष्कर्ष आणि शिफारशी हा संशोधनाचा मूळ भाग आहे आणि त्यात साम्य असता कामा नये. तुमचे मुलाखतींचे तक्ते म्हणजे निरीक्षणेच. उलट अवतरणचिन्हांत श्रेयासह दिलेला उतारा, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याचा मजकूर आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे किंवा सर्वसाधारण शब्द मोजणीतून वगळायचे असतात. अहवाल हाती आला की आकड्याच्या आधी हे पाहा : कोणती फाइल, कोणत्या तारखेची, एकूण शब्द किती मोजले, आणि काय काय वगळले. 72,000 शब्दांच्या प्रबंधाचा अहवाल 50,000 शब्द दाखवत असेल, तर काही प्रकरणे तपासलीच गेलेली नाहीत. बांधणीला जाणारी प्रत आणि तपासलेली प्रत एकच हवी. तपासणीनंतर एखादे प्रकरण बदलले, तर सही एका मजकुरावर आणि अहवाल दुसऱ्याच मजकुराचा, असे होते.

आता अकरा परिच्छेद. भाषांतर बहुतेक वेळा यंत्राच्या नजरेतून सुटते, पण परीक्षकाच्या सुटत नाही, कारण तो ग्रंथ त्याने वाचलेला असण्याची शक्यता मोठी आहे. विनियमांतली वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे अशी आहे; भाषा बदलल्याने ती टळत नाही. शिवाय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 14 नुसार भाषांतराचा हक्क मूळ कृतीच्या हक्कधारकाचा असतो. समीक्षेसाठी रास्त प्रमाणात उतारा घ्यायला कलम 52 मोकळीक देते, पण प्रबंधात लेखकाचे आणि कृतीचे नाव तिथल्या तिथे द्यायलाच हवे. शेवटच्या सूचीत ग्रंथाचे नाव असणे पुरत नाही, कारण कोणता परिच्छेद तुमचा आणि कोणता त्याचा, हे सूचीवरून वाचकाला कळत नाही.

म्हणून अकराही परिच्छेद मूळ ग्रंथाशेजारी ठेवून दोन गट पाडा. जिथे लेखकाचे शब्दच हवे आहेत, अशी दोन-तीन ठिकाणे अवतरण म्हणून ठेवा आणि तळटिपेत लेखक, ग्रंथ, वर्ष, पृष्ठ आणि ‘मराठी अनुवाद संशोधकाचा’ असे लिहा. उरलेल्या ठिकाणी ग्रंथ मिटवून, तो मुद्दा तुमच्या विषयाला कसा लागू पडतो ते चार-पाच वाक्यांत स्वतः लिहा आणि तिथेही पृष्ठांकासह श्रेय द्या. वाक्यातले शब्द फिरवून तळटीप टाळणे हा उपाय नाही. युक्तिवादाचा क्रम तोच राहिला तर ओळखू येतोच.

एम.फिल.चा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण ‘माझेच तर आहे’ म्हणून तो सहज निसटतो. आयोगाने 2020 च्या सूचनेत स्वतःचे आधी प्रसिद्ध झालेले लेखन योग्य निर्देशाशिवाय पुन्हा वापरून नवे म्हणून मांडणे चूक ठरवले आहे. तुमची प्रबंधिका प्रसिद्ध नसेलही, पण प्रतिज्ञापत्र प्रसिद्धीबद्दल बोलत नाही, पदवीबद्दल बोलते. तिथे एक शब्द नीट पाहा. ‘हा प्रबंध’ दुसऱ्या पदवीसाठी दिलेला नाही असे असेल, तर वाद घालायला थोडी जागा उरते. ‘प्रबंधाचा कोणताही भाग’ असे असेल, तर त्या 32 पानांमुळे तुमचे वाक्य सरळ खोटे ठरते. ती पाने तुम्हीच लिहिलेली असल्याने त्यात फरक पडत नाही.

मार्ग असा. 32 पानांचे पाच-सहा पानांत सार करा, तक्ते ‘एम.फिल. प्रबंधिका, वर्ष, पृष्ठ’ या निर्देशासह ठेवा, आणि जुन्या मुलाखतींत पीएच.डी.च्या काळात काय भर घातली ते वेगळ्या तक्त्यात दाखवा. मग प्रतिज्ञापत्रात एक वाक्य जोडण्याची परवानगी गाईडमार्फत लेखी मागा : ‘प्रकरण चारमधील तक्ता क्रमांक अमुक ते तमुक माझ्या एम.फिल. प्रबंधिकेतून निर्देशासह घेतले आहेत. ते वगळता या प्रबंधाचा कोणताही भाग अन्य पदवीसाठी सादर केलेला नाही.’ कार्यालय छापील नमुना बदलू देत नसेल, तर हाच मजकूर वेगळ्या पत्रात देऊन आवक क्रमांक घ्या आणि प्रबंधाच्या प्रास्ताविकातही लिहा. आधीच उघड केलेली गोष्ट लपवली, असा आरोप करणे कठीण जाते.

सर सही करा म्हणतात, पण त्या कागदावर उत्तरदायी तुम्ही आहात. तोंडी आश्वासन चौकशीत उभे राहत नाही. त्यांनाही तुमचे काम वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने द्यावे लागते, म्हणून तळटिपांचा आणि तक्त्यांचा विषय त्यांच्यापुढे ईमेलने मांडा. त्यात तक्रारीचा सूर नको. युनिकोड फाइलचा नवा अहवाल सोबत जोडा.

‘एकदा पदवी मिळाली की कोण बघतो’ असे कुणी सांगितले, तर प्रबंध पुढे कुठे जातो ते आठवा. पदवीनंतर महिन्याभरात त्याची सॉफ्ट कॉपी शोधगंगेत ठेवण्यासाठी पाठवायची असते, आणि तिथून तो कोणीही उघडू शकतो. पदवीनंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झाले, तर समिती ठरवील तितका काळ पदवी स्थगित ठेवता येते. त्या पदवीवर नोकरी मिळाली असेल, तर तीही प्रश्नात येते. तुमच्या बाजूने एवढे आहे की तक्रार आधी विभागाच्या आणि मग संस्थेच्या समितीपुढे जाते, दोघींना अहवालासाठी प्रत्येकी 45 दिवसांची मुदत असते, आणि गैरवर्तन निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय व तुम्हाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही. त्या वेळी हाती काही असावे म्हणून दोन्ही अहवाल, तपासलेली वर्ड फाइल, सरांना केलेला ईमेल आणि आवक क्रमांकाचे पत्र आजपासून एका फोल्डरमध्ये ठेवा.

आठव्या दिवसापर्यंत नवा अहवाल आला नाही, तर मुदतवाढीचा अर्ज गाईडच्या शिफारशीसह द्या आणि कारण म्हणून ‘फॉन्ट रूपांतरणानंतरची फेरतपासणी प्रलंबित’ असे लिहा. ते खरेही आहे, आणि ग्रंथालयाच्या नोंदीवरून पडताळताही येते.