मैदानावरचा ‘खांब’

‘मी नागपुरातल्या एका शाळेत मुलींच्या खो-खो संघाचा प्रशिक्षक आहे. मुली माझ्या माघारी मला “खांब” म्हणतात आणि हल्ली तोंडावरही म्हणू लागल्या आहेत. रागावलो तर त्या दुरावतात आणि हसून सोडून दिले तर धाक उरणार नाही असे वाटते. मी काय करावे?’

हे सर माझ्याकडे आले तेव्हा शाळेतल्या नोकरीचे त्यांचे तिसरे वर्ष सुरू होते. त्यांच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उंची सहा फुटांच्या वर आणि अंगकाठी अगदी सडसडीत. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितले की लहानपणी वर्गातली मुले त्यांना ‘बांबू’ म्हणत आणि ते ऐकू नये म्हणून ते मधल्या सुटीत वर्गातच बसून राहत. त्यामुळे एका सकाळी सरावात मागून ‘खांब आला गं’ असे ऐकू येताच त्यांनी खेळ थांबवला, कोण म्हणाले ते विचारले, कोणीच बोलेना तेव्हा साऱ्या संघाला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. त्यानंतर टोपणनाव बंद झाले, पण मुलींचे प्रश्न विचारणेही बंद झाले. ‘समजले का?’ यावर ‘हो सर’ एवढेच उत्तर येई आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा होई. महिनाभरात नाव हळूहळू परत आले. मला यातली काळजीची गोष्ट टोपणनाव वाटली नाही, ती मधली शांतता वाटली.

शिक्षकाच्या मनातली जुनी जखम आणि मुलांच्या तोंडचा आजचा शब्द एकमेकांत मिसळले की शब्दाचा खरा सूर ऐकू येत नाही. म्हणून मी त्यांना लगेच कोणताही उपाय सांगितला नाही. आठवडाभर एक छोटी वही खिशात ठेवायची आणि नाव कानावर पडले की चार गोष्टी लिहायच्या, एवढेच ठरवले : कोण म्हणाले, कोणासमोर म्हणाले, त्याच्या आधी काय घडले होते आणि नंतर त्या मुलाने काय केले. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो. लाडाने हाक मारणारे मूल हाकेनंतर जवळ येते, काही विचारते किंवा काही दाखवते. चिडवणारे मूल हाक मारून मित्रांकडे पाहते.

सहा दिवसांच्या सरावात अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ संघातल्या मुलींच्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हाकेपाठोपाठ खेळाबद्दलची शंका होती, एकदा तर घोट्याला लागल्याची तक्रार होती. उरलेल्या दोन नोंदी मैदानाच्या कडेने जाणाऱ्या दोन मुलांच्या होत्या. ते संघातले नव्हते. ‘खांब’ म्हणून त्यांनी सरांसारखी मान पुढे काढून चालून दाखवले आणि मागे न पाहता निघून गेले. शब्द एकच, पण ही दोन वेगळी प्रकरणे होती आणि त्यांना एकच उत्तर देणे दोन्हीकडे चुकीचे ठरले असते.

मुलींशी काय बोलायचे हे आम्ही दोघांनी बसून ठरवले. आधी शिक्षेबद्दल बोलायचे, कारण कोणी म्हणाले म्हणून सगळ्यांना पळवणे अन्यायाचे होते आणि हे मुलींना माहीत होते. मग नावामागचे कारण विचारायचे, पण ‘हे नाव कोणी ठेवले?’ असे विचारायचे नाही, कारण त्या प्रश्नात आरोपी शोधला जातो. सराव संपल्यावर, मुली पाणी पीत असताना सर म्हणाले, ‘त्या दिवशी मी तुम्हां सर्वांना फेऱ्या मारायला लावल्या, ते चुकले. मला खांब काहून म्हणता, ते सांगाल का?’

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, खांबापाशी पोचलं की दिशा बदलता येते ना, म्हणून.’

खो-खो खेळलेल्या वाचकाला हे लगेच उमगेल. पाठलाग करणाऱ्या खेळाडूने एकदा दिशा घेतली की तिला मध्येच मागे फिरता येत नाही आणि बसलेल्या खेळाडूंमधून मधली पाटी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. खांबाला वळसा घातला तरच ती पलीकडच्या बाजूला जाते आणि खांबामागच्या मोकळ्या भागात तिला हवे तसे वळता येते. खेळात फसलो की सरांकडे जायचे, असा त्या नावाचा अर्थ होता. त्यावर सातवीतली एक चिमुरडी म्हणाली, ‘आणि तुम्ही उंच पण आहात.’ सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘उंच तर मी आहेच.’ मुली हसल्या, तेही हसले. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. नावात लाडही होता आणि शरीराकडे बोटही होते, आणि त्यांनी यातले काहीच नाकारले नाही.

त्याच वेळी त्यांनी मर्यादाही सांगितली : मैदानावर खांब चालेल, वर्गात, पालकांसमोर आणि मोबाईलवरच्या संदेशांत ‘सर’ असेच म्हणायचे. मुलींच्या संघाच्या पुरुष प्रशिक्षकाने संदेशांची मर्यादा तरी नक्कीच पाळावी, हे मी आग्रहाने सांगितले होते. आणखी दोन गोष्टी मी त्यांना टाळायला सांगितल्या. स्वतःच स्वतःला खांब म्हणवून घेत राहू नये, कारण नाव मुलांच्या मालकीचे असते, मोठ्याने उचलले की ते कोमेजते. आणि परतफेड म्हणून एकाही मुलीला तिच्या वजनावरून, रंगावरून किंवा वेगावरून नाव ठेवू नये. ती ते नाव नाकारू शकत नाही, कारण संघात कोण खेळणार हे सर ठरवतात.

धाक जाईल ही भीती त्यांच्या मनातून लवकर गेली नाही. विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित क्रिकेटजगतात ‘चंदू’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांची शिस्त किती कडक आहे हे नागपुरात वेगळे सांगावे लागत नाही, याची मी त्यांना आठवण दिली. त्यांच्या मुली सकाळी सहाला हजर राहतात की नाही, तेवढेच पाहायला सांगितले. त्या हजर राहत होत्या.

त्या दोन मुलांशी सर एकांतात बोलले. ‘तुम्ही माझी चाल करून दाखवलीत, ते मला आवडले नाही. पुन्हा करू नका,’ एवढीच दोन वाक्ये. शाळेतल्या वाढत्या वयाच्या उंच मुलांनाही ती नक्कल लागत असेल, हे सरांच्याच लक्षात आले. एक मुलगा तिथेच थांबला, दुसऱ्यासाठी वर्गशिक्षिकेची मदत घ्यावी लागली.

जूनअखेर शाळा उघडल्या आणि सरांचा फोन आला. संघात नव्याने आलेल्या पाचवीतल्या मुली ओळख होण्याआधीच खांब म्हणू लागल्या होत्या, त्यांना थांबवावे का, असे ते विचारत होते. मी विचारले की हाक मारल्यावर त्या काय करतात. ते म्हणाले, ‘माझ्याकडे पळत येतात आणि पाटीवर कोणत्या बाजूला तोंड करून बसायचे ते विचारतात.’