प्रॅक्टिकल चुकलेल्या पार्टनरला रीडिंग कशी पाठवायची?

माझा लॅब पार्टनर पाण्याचा जडपणा मोजायच्या प्रॅक्टिकलला आला नाही. त्याला ईमेलमध्ये काय लिहू?

नुसता वहीचा फोटो पाठवू नको. मी एकदा तसं केलं, तर गड्याने चारही रीडिंगची सरासरी काढली आणि उत्तर ४४२ ऐवजी ४४८ आलं. मग मी त्याला असं लिहिलं:

“सोयाबीनच्या सोंगणीमुळे तू आला नाहीस, म्हणून पानाचा फोटो जोडतो. विहिरीचं पाणी दरवेळी ५० मिली, ईडीटीए ०.०१ मोलर. रीडिंग २३.४, २२.१, २२.० आणि २२.१ मिली. पहिलं फक्त अंदाजासाठी घेतलं होतं, ते सरासरीत धरू नकोस. जुळलेलं २२.१ घे. त्याला २० ने गुणलं की जडपणा लिटरमागे ४४२ मिलिग्रॅम येतो, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात.

हापशीच्या पाण्याचं एकच रीडिंग आहे, ३१.५. नेमकी तेव्हाच लाईन गेली. लाल रंग पूर्ण जाऊन निळा कधी झाला, ते खिडकीच्या उजेडात नीट दिसलं नाही. ते तक्त्यात शेऱ्यासह लिही, पण त्यावरून ‘हापशीचं पाणी जास्त जड’ असं म्हणू नकोस.

रीडिंग मी घेतली, तू गैरहजर होतास, हे तुझ्या जर्नलमध्ये तारखेसह लिही. आकडेमोड आणि निष्कर्ष मात्र तुझा तू कर.”

पाठवण्याआधी सरांना विचार. काही सर दुसऱ्याची रीडिंग चालवून घेत नाहीत, प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावतात.