एकूण जननदर: ३८२, २.०९ की १.९१?

प्रश्न: सरावाच्या तक्त्यात एका तालुक्याची लोकसंख्या ८०,००० आहे, शिवाय स्त्रियांचे वयोगट आणि वर्षभरातले जन्म दिलेत. एकूण जननदर मला एकदा ३८२ आला, एकदा २.०९. पुस्तकात उत्तर १.९१ आहे. चुकतंय कुठे? आणि हीच रीत कोल्हापूर शहराच्या जन्मनोंदणीवर चालेल का?

उत्तर: तुमचाच तक्ता शेवटचा रकाना भरून देतो. वयोगटातल्या जन्मांना त्याच वयोगटातल्या स्त्रियांनी भागायचं आणि हजारने गुणायचं, की वयोविशिष्ट जननदर मिळतो.

| वय | स्त्रिया | जन्म | दर हजारी |
|---|---|---|---|
| १५–१९ | ३,५०० | ७० | २० |
| २०–२४ | ३,६०० | ५७६ | १६० |
| २५–२९ | ३,४०० | ४४२ | १३० |
| ३०–३४ | ३,२०० | १६० | ५० |
| ३५–३९ | ३,००० | ४५ | १५ |
| ४०–४४ | २,८०० | १४ | ५ |
| ४५–४९ | २,५०० | ५ | २ |
| एकूण | २२,००० | १,३१२ | ३८२ |

३८२ ही नुसती दरांची बेरीज आहे, तिथे एक पायरी राहिली. २०–२४ ची ओळ बघा. १६० म्हणजे या वयाच्या हजार बायकांना *एका वर्षात* १६० मुलं, म्हणजे एकीमागे ०.१६. पण बाई या वयोगटात एक वर्ष नाही, पाच वर्षं असते. म्हणून या गटातून तिच्या वाट्याला ०.१६ × ५ = ०.८ मूल येतं. प्रत्येक ओळीला हेच लागू पडतं, म्हणून बेरजेलाच एकदम पाचाने गुणतात: ३८२ × ५ = १,९१०. हा आकडा हजार बायकांमागचा, तेव्हा एकीमागे १.९१.

२.०९ ची चूक जास्त फसवी आहे, कारण उत्तर पटण्यासारखं दिसतं. तुम्ही बहुधा १,३१२ ला २२,००० ने भागून दर हजारी सामान्य जननदर ५९.६ काढला, १५ ते ४९ ची ३५ वर्षं म्हणून ३५ ने गुणलं आणि हजारने भागलं. असं केलं की ज्या वयाच्या बायका जास्त, त्या वयाचं वजन आपोआप वाढतं. या तक्त्यात २० ते २९ च्या बायका ७,०००, म्हणजे जवळपास ३२ टक्के आहेत. सात गटांतले दोन गट म्हणजे २८.६ टक्केच. नेमक्या याच वयात जन्म सर्वांत जास्त, म्हणून उत्तर फुगलं. एकूण जननदरात प्रत्येक वयाला सारखंच वजन द्यायचं असतं, त्यासाठीच आधी गटवार भागाकार करतात.

स्थूल जन्मदराला हे जमत नाही. १,३१२ भागिले ८०,०००, गुणिले हजार, म्हणजे १६.४. आता समजा, शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारखी औद्योगिक वसाहत या तालुक्यात उभी राहिली आणि १०,००० पुरुष कामगार एकटेच राहायला आले. जन्म तेवढेच, पण दर १४.६ वर उतरतो. कुणाच्या घरात एकही मूल कमी झालेलं नसतं आणि एकूण जननदर १.९१ च राहतो.

आता कोल्हापूरचं. रीत चालेल, पण अंश आणि छेद एकाच बायकांचे आहेत का, हे आधी तपासा. आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथेच नोंदवला जातो. पन्हाळा, राधानगरी, करवीरकडच्या बायका बाळंतपणाला शहरातल्या दवाखान्यात येतात आणि पहिलं बाळंतपण तर बहुतेक माहेरीच होतं. जन्म शहराच्या खात्यात आणि बाई मोजली शहराबाहेर, असं होतं. वरच्या तक्त्यात २०–२४ च्या ओळीत असे फक्त १०० जन्म बाहेरचे मिसळले तर त्या ओळीचा दर १८८ च्या आसपास जातो आणि एकूण जननदर २.०५ होतो. शहराचा आकडा चढा आणि भोवतालच्या तालुक्यांचा विचित्र खाली दिसला, तर आधी हाच संशय घ्यावा.

यावर उपाय नोंदणीच्या अर्जातच आहे. त्यात आईच्या नेहमीच्या राहण्याचं ठिकाण आणि प्रसूतीच्या वेळचं वय दोन्ही विचारलेलं असतं. जन्म त्या ठिकाणानुसार वेगळे करा. बाहेरचे वगळा आणि शहरातल्या ज्या बायका दुसरीकडे बाळंत झाल्या, त्यांचे जन्म तिथल्या नोंदीतून आणून मिळवा. नुसते वगळले तर चूक उलट्या बाजूला जाते. छेदात त्याच वर्षाच्या मध्याची स्त्रियांची संख्या हवी. २०११ च्या जनगणनेतल्या २०–२४ च्या बायका आता पस्तिशीकडे किंवा त्यापुढे गेल्यात, त्यांनी आजचे जन्म भागू नका. आणि छेदात सगळ्या स्त्रिया घ्या. फक्त विवाहित घेतल्या तर निघतो तो वैवाहिक जननदर, आणि १५–१९ च्या ओळीत तो कितीतरी मोठा दिसतो.

एखाद्याच गावासाठी काढणार असाल तर एका वर्षाच्या आकड्यांवर विसंबू नका. गटात ४० बायका असतील तर एका जन्माने त्या गटाचा दर २५ ने आणि एकूण जननदर ०.१२५ ने हलतो. सलग तीन वर्षांचे जन्म एकत्र करून तिन्ही वर्षांच्या मध्यवर्षीय स्त्रीसंख्यांच्या बेरजेने भागा.