भिंतीवरचं वॉश बेसिन पुन्हा पुन्हा सुटतंय, कायमचा उपाय काय?

प्रश्न: फ्लॅटमधलं वॉश बेसिन दुसऱ्यांदा भिंतीतून सुटून पुढे झुकलंय. भिंत चार इंची विटेची आहे. प्लंबर म्हणतो, मोठी गुट्टी मारू आणि व्हाईट सिमेंट भरू. खालून ब्रॅकेट लावले तर टिकेल का? आणि किती वजन पेलेल हे कसं ठरवायचं?

उत्तर:

मोठी गुट्टी मारून काही महिने निघतील, पण तेवढ्याने भागणार नाही. ब्रॅकेटनी टिकेल, पण ब्रॅकेटचा उभा पाय लांब असेल तरच. मी बाथरूमच्या दुरुस्तीची कामं घेतो, त्यात सुटलेलं बेसिन ही नेहमीची तक्रार. बोल्ट तुटलाय असं क्वचितच दिसतं. बोल्ट धडधाकट असतो, तो गुट्टीसकट बाहेर आलेला असतो.

याचं कारण हिशोबात आहे. बेसिन १२ किलोचं, त्यात ६ किलो पाणी, असे १८ किलो धरू. हा भार भिंतीपासून साधारण २० सेंटिमीटरवर पडतो. आता कोणी पाय धुवायला पाय वर ठेवला किंवा पोरगं काठाला लोंबकळलं, तर ४० सेंटिमीटरवर आणखी ६० किलो आले. बेसिन आपल्या खालच्या काठावर टेकून पुढे कलंडायला बघतं आणि त्याला मागे धरून ठेवायचं काम वरच्या दोन बोल्टांकडे येतं. बोल्टापासून बेसिनच्या पाठीचा खालचा काठ जेमतेम १२ सेंटिमीटर खाली असतो. म्हणजे १८ गुणिले २० अधिक ६० गुणिले ४०, भागिले १२: एकूण ओढ २३० किलो, दर बोल्टाला ११५. अठरा किलोच्या वस्तूला कोणी एवढं मोजत नाही, म्हणून सगळे फसतात. नुसत्या रिकाम्या बेसिनने बोल्ट सहसा सुटत नाही.

आता गुट्टी कशात बसलीय ते बघा. टाइल ८-१० मिलिमीटर, तिच्यामागचा माल आणि प्लास्टर मिळून आणखी ३० तरी. म्हणजे वीट सुरू व्हायलाच ४० मिलिमीटर जातात. दुकानात सर्रास मिळणारी ५० मिलिमीटरची गुट्टी टाइलशी सपाट बसवली की तिचा जेमतेम सेंटिमीटरभर भाग विटेत जातो, बाकी सगळी प्लास्टरमध्ये फुगते. प्लास्टर ओढ सहन करत नाही, भुगा होऊन सुटतं. शिवाय टाइलच्या जाडीतच गुट्टी फुगली तर टाइलला भोकापासून केसासारखी चीर जाते. तुमच्याकडे तशी चीर असेल तर कारण हेच. भोक मोठं करून मोठी गुट्टी मारली तरी ती त्याच प्लास्टरात बसणार. जुन्या घरातली लाकडी गुट्टी तर ओली-सुकी होऊन आणखी लवकर ढिली होते. व्हाईट सिमेंट ही फक्त फट बुजवायची गोष्ट आहे, वजन ती घेत नाही.

चार इंची भिंतीत मी प्लास्टिकची गुट्टी वापरतच नाही. १० मिलिमीटरचा स्टेनलेस थ्रेडेड रॉड केमिकल अँकरमध्ये, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बसवतो. जुन्या भोकाच्या एक थर वर, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर, बेसिन सरकवता आलं तर उत्तम. नवी भोकं ताज्या विटेत पडतात आणि जुनी बेसिनच्या पाठीमागे झाकली जातात. उंची वाढवायची नसेल तर जुनं भोक सगळा ढिला माल निघेपर्यंत खरवडून तेच वापरायचं. भोक सांध्यात पडलं तर जागा बदला, सांध्यातला माल विटेएवढा पकडत नाही.

टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, टाइलचं बिट, आधी चिकटपट्टी लावून. मग १२ मिलिमीटरचं बिट, टाइलपासून १२० मिलिमीटर खोल. भिंत टाइलसकट साधारण १५५ असते, मागे प्लास्टर असेल तर थोडी जास्त. तरी बिटावर खोलीची खूण टेपने करा, नाहीतर पलीकडच्या खोलीत निघाल. पुढची पायरी सगळेच टाळतात: भोकातली धूळ पंपाने फुंकायची, ब्रशने घासायची, पुन्हा फुंकायची. धूळ राहिली तर रेझिन धुळीला चिकटतं, विटेला नाही, आणि रॉड बोटाने फिरवता येतो. नळीतून आलेला पहिला थोडा माल फेकून द्या, रंग एकसारखा झाला की भोकाच्या तळापासून दोन तृतीयांश भरा आणि रॉड फिरवत आत घाला. पोकळ वीट लागली तर जाळीची स्लीव्ह घालूनच, नाहीतर सगळा माल पोकळीत वाहून जातो. ट्यूबवर सुकायची वेळ लिहिलेली असते, मी तरी दुसऱ्या दिवशीच बेसिन चढवतो.

भिंत एएसी ब्लॉकची असती (मिस्त्री सिपोरेक्स म्हणतात) तर हॅमर पूर्ण बंद ठेवून भोक पाडायला सांगितलं असतं, कारण ब्लॉक भुसभुशीत असतो. शक्य असेल तिथे रॉड आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टीवर नट लावायचा. पलीकडे कपाट असेल तर कोणाला कळतही नाही.

ब्रॅकेटबद्दल. वरचा स्क्रू आणि उभ्या पायाचं खालचं टोक यात २० सेंटिमीटर अंतर असेल तर मघाचीच ओढ २३० वरून १३८ किलोवर येते, दर ब्रॅकेट ६९. अंतर १० सेंटिमीटर असेल तर उलट २७६ होते. बाजारात मिळणारे आखूड ब्रॅकेट म्हणूनच निरुपयोगी. शिवाय बेसिन ब्रॅकेटवर खरोखर टेकलेलं हवं. मध्ये रबराची पट्टी घाला, नाहीतर ब्रॅकेट शोभेला आणि भार पुन्हा बोल्टांवर. ओल्या जागी रंगवलेलं लोखंड गंजतं, स्टेनलेस घ्या. पूर्ण पेडेस्टल बेसिनला नीट टेकून बसवलं तर जमिनीवर भार नेतं. हाफ पेडेस्टल फक्त ट्रॅप झाकतं.

वजनाच्या आकड्यांबद्दल: गुट्टीच्या पाकिटावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा काँक्रीटचा असतो. विटेचा वेगळा दिला असेल तोच धरा, एएसीचा त्याहून खूपच कमी असतो. तो आकडा तुटण्याचा असेल तर प्लास्टिकच्या गुट्टीसाठी त्याला निदान पाचाने भागा. बेसिनची स्वतःची भारक्षमता वेगळी. युरोपच्या ईएन १४६८८ मानकात भिंतीवरच्या बेसिनवर १५० किलोच्या आसपास भार ठेवून बघतात, पण ती परीक्षा बेसिनची आहे, तुमच्या भिंतीची नाही.

बसवताना नट आणि चिनी माती यांत नायलॉनचा वॉशर हवाच. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, जास्त आवळलं तर बेसिनच तडकतं. मागची बाजू भिंतीला पूर्ण टेकत नसेल तर आवळण्याआधी खालच्या काठाशी पातळ पॅकिंग द्या, कारण बेसिन तिथेच टेकून उभं राहतं. शेवटी वरच्या काठाला व्हाईट सिमेंटऐवजी सिलिकॉन लावा. काही महिन्यांनी तिथे फट उघडलेली दिसली तर बेसिन पुन्हा कलू लागलंय, तेव्हाच खोलून रॉड हलतोय का बघा. आत्ता तुमचं बेसिन झुकलेल्या स्थितीत वापरू नका, खाली ट्रॅपचा सांधा आधीच ताणला गेला असेल. कपडा ठेवून ओल येतेय का बघून घ्या.