निरोप समारंभाच्या कोलाजमध्ये सर्व चेहरे एकाच उजेडातले कसे दिसतील?

"दहावीच्या निरोप समारंभासाठी ४० मुलांचे फोटो कापून, खांद्याला खांदा लावून एक मोठा फोटो करायचा आहे. फोटो वेगवेगळ्या मोबाइलवरचे आहेत. कोणी पिवळे, कोणी निळसर, कोणी काळवंडलेले दिसते आणि सगळे चिकटवल्यासारखे वाटतात. काय करावे?"

मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि काही वर्षांपासून आमच्या दहावीचे असे कोलाज स्वतः तयार करतो. माझ्या पहिल्या कोलाजमध्ये मी मुलांचे चेहरे एकमेकांशी जुळवत बसलो होतो. सावळ्या मुलांना उजळ केले, गोऱ्यांना थोडे गडद केले. परिणाम असा झाला की सर्वांचे रंग एकसारखे आणि खोटे झाले, आणि एका मुलीच्या आईने फोटोत आपली मुलगी ओळखायला वेळ घेतला. तेव्हापासून मी चेहऱ्याला हात न लावता गणवेशाचा पांढरा शर्ट जुळवतो. प्रत्येक मुलाच्या त्वचेचा रंग वेगळा असतो आणि तो तसाच राहायला हवा. परंतु पांढरा शर्ट सर्वांचा जवळजवळ सारखा असतो. तो सर्व फोटोंत सारखा पांढरा झाला की उजेड सारखा झाला असे समजावे, आणि मग प्रत्येक चेहरा आपोआप आपल्या खऱ्या रंगावर येतो.

शक्य असतील तितके फोटो नव्याने काढावेत, कारण एका दुपारच्या श्रमाने संगणकावरचे तीन-चार दिवस वाचतात. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागात असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या व्हरांड्यात ऊन येत नाही आणि मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड मिळतो. मुलाला व्हरांड्याच्या कडेपासून साधारण तीन-चार फूट आत, त्या उजेडाकडे थोडे वळवून उभे करावे. मागची भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिची झाक गालावर आणि केसांच्या कडेवर उतरते, म्हणून तिच्यापासून चार-पाच फूट अंतर ठेवून मध्ये फिकट करडी चादर बांधावी. पांढरी चादर घेऊ नये, कारण शर्टाची कड तिच्यात हरवते. मोबाइल सहा-सात फुटांवरून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा; हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात आणि तो चेहरा इतरांमध्ये कधीच मिसळत नाही. पहिल्या मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले की बहुतेक मोबाइलवर उजेड आणि फोकस स्थिर होतो. त्यानंतर सर्वांचे फोटो तो न बदलता काढावेत. सौंदर्य खुलवणारे फिल्टर आणि पार्श्वभूमी धूसर करणारा मोड हे दोन्ही बंद ठेवावेत, कारण दुसरा मोड केसांच्या कडा खाऊन टाकतो.

गेल्या वर्षी आमचे ४२ विद्यार्थी होते. ३१ जणांचे फोटो व्हरांड्यात निघाले, उरलेले ११ जण आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले होते. त्यांना वगळून कोलाज करणे मला मान्य नव्हते. प्रत्येकाच्या घरच्या फोनवर मी एवढेच सांगितले की मुलाला सकाळी कोपीच्या सावलीच्या बाजूला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे करा, गणवेश जवळ नसेल तर वहीचे कोरे पान छातीशी धरायला लावा, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबून लहान होणार नाही. गणवेश नसलेल्या मुलांसाठी ते पान माझा पांढरा शर्ट झाले.

आता जुळवणीकडे येतो. मी फोटोशॉप वापरतो. गिंपमध्येही हीच कामे Curves आणि लेयर मास्क वापरून होतात. व्हरांड्यातील एक चांगला फोटो नमुना म्हणून निवडला आणि ड्रॉपर `5 by 5 Average` वर ठेवून शर्टावर उजेडाच्या बाजूला, कॉलरच्या खाली, सुरकुती नसलेल्या जागी रंग मोजला. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे २२८ च्या आसपास होते. शर्ट २५५ या कमाल आकड्यापर्यंत नेऊ नये, कारण मग त्याच्या घड्या नाहीशा होतात आणि छपाईत तिथे कोरा कागद दिसतो. दुसरा आकडा केसांतील सर्वांत गडद जागेचा घेतला. तो २२ च्या आसपास होता. पांढरा आणि काळा असे हे दोन टोक प्रत्येक फोटोत जुळवले की उजेड आणि उठाव दोन्ही जुळतात.

एका मुलाचा फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला होता. त्याच्या शर्टावर लाल २३६, हिरवा २०५ आणि निळा १५८ असे आकडे आले. त्याच्या कटआउटवर Curves चा लेयर ठेवून तो फक्त त्याच कटआउटला लागू राहील असा क्लिप केला आणि तिन्ही रंगांच्या रेषा स्वतंत्रपणे ओढून शर्ट २२८ वर आणला. निळा रंग १५८ वरून इतका वर ओढल्यामुळे गालावर निळसर दाणे उमटले, ते निळ्या रंगापुरते थोडे मऊ करावे लागले. हीच या पद्धतीची मर्यादा आहे. एखाद्या रंगाचा आकडा मुळातच २५५ वर जाऊन अडकला असेल तर तिथली माहिती नष्ट झालेली असते आणि कोणत्याही साधनाने ती परत येत नाही. भर उन्हात काढलेल्या एका फोटोचे तसेच झाले होते, नाकाची सावलीही ओठांवर काळी पडली होती. त्यावर दोन तास घालवण्यापेक्षा मी पुन्हा फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सावलीतला फोटो मिळाला.

येथे एक सावधगिरी हवी. घरी नीळ घातलेला शर्ट निळसर असतो, जुना शर्ट पिवळट असतो. एकाच व्हरांड्यात, एकाच उजेडात काढलेल्या फोटोंतही आमच्या शर्टांचे निळ्या रंगाचे आकडे सहा-आठ अंकांनी वेगळे निघाले होते. नीळ घातलेला शर्ट अगदी पांढरा करायला गेलो तर मुलाचा चेहरा पिवळा पडतो. म्हणून आकडे चार-पाच अंकांच्या फरकावर सोडावेत आणि शेवटचा निर्णय चेहऱ्याकडे पाहून घ्यावा.

उजेडाची दिशा जुळत नसेल तर फोटो आरशासारखा उलटवण्याचा मोह होतो. मी तो उलटवत नाही. खिशावरचे शाळेचे चिन्ह उलटते, शर्टाची बटणपट्टी आणि केसांचा भांग दुसऱ्या बाजूला जातो, मुलीची चमकी उजव्या नाकपुडीत दिसते, आणि या गोष्टी घरच्यांना क्षणात खटकतात. त्याऐवजी गडद बाजूवर Curves चा वेगळा लेयर घेऊन, मऊ ब्रशने मास्क रंगवून ती बाजू थोडी उजळावी. सावली पूर्ण घालवू नये. तिचा जोर निम्मा झाला तरी गर्दीत दिशा लक्षात येत नाही.

मांडणीसाठी मी १८ × १२ इंचांचा कागद, म्हणजे ३०० डीपीआयला ५४०० × ३६०० पिक्सेल घेतले. रांगा मागून पुढे १२, ११, १० आणि ९ अशा ठेवल्या. प्रत्येक पुढच्या रांगेत एक मूल कमी असल्यामुळे पुढचे डोके आपोआप मागच्या दोघांच्या मधल्या फटीत येते. डोक्याची उंची ४०० पिक्सेल ठेवली, परंतु मोजताना डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचे अंतर २०० धरले, कारण डोक्याचा वरचा भाग केस, ओढणी किंवा टोपीमुळे फसवतो. या मापाने खांदे सुमारे ७०० पिक्सेल रुंद होतात. दोन शेजाऱ्यांच्या मध्यांत ३९० पिक्सेल अंतर ठेवले की बारा जण दोन्ही बाजूंना २०० पिक्सेलचा समास सोडून बसतात, खांदा निम्म्याहून थोडा कमी झाकला जातो आणि दोन डोक्यांमध्ये बोटभर नाही तरी स्पष्ट फट राहते. रांगांमध्ये ४८० पिक्सेल अंतर ठेवले, त्यामुळे कोणाचीही हनुवटी पुढच्याच्या केसांखाली गेली नाही. मागची रांग लहान करावी असे नियम सांगतो, पण मी सर्वांना एकाच मापाचे ठेवले. या फोटोत कोणत्याही मुलाला आपण छोटे दिसलो असे वाटू नये.

केस कापणे हे सर्वांत किचकट काम आहे, आणि तेथे मांडणीच मदत करते. पुढच्या तीन रांगांतील डोकी मागच्या मुलांच्या पांढऱ्या शर्टांवर येतात, त्यामुळे केसांच्या कडेला राहिलेली फिकट चादरीची रेघ तेथे दिसत नाही. सर्वांत मागच्या रांगेची डोकी मात्र आकाशावर किंवा शाळेच्या इमारतीवर येतात. म्हणून ज्यांचे केस स्वच्छ कापले गेले आहेत त्यांनाच मागच्या रांगेत उभे करावे. Select and Mask मध्ये Decontaminate Colors लावून Shift Edge उणे १० ते १५ ठेवले की बाकीची रेघही जाते. गणवेश नसलेली मुले मी दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत घेतली, कारण तेथे पुढच्यांमुळे त्यांचे कपडे बरेचसे झाकले जातात. वहीचे पान हातासकट पुढच्या मुलाच्या डोक्यामागे गेले, आणि जे डोकावत राहिले ते मास्कने पुसले. दुसऱ्या मुलाच्या धडावर त्यांचे डोके लावायचे मी टाळले. मानेची जाडी जुळत नाही, आणि ते त्या मुलाला सर्वांत आधी कळते.

चिकटवल्यासारखे दिसण्याचे उरलेले कारण म्हणजे एकमेकांवर न पडलेली सावली. फोटोशॉपचा तयार Drop Shadow प्रत्येकाभोवती सारखीच सावली टाकतो, ती मागच्या आकाशावरही पडते आणि मुले स्टिकरसारखी दिसतात. त्याऐवजी मागच्या मुलाच्या कटआउटवर क्लिप केलेला नवा लेयर Multiply वर घ्यावा, त्याच्याच शर्टाच्या घडीतील गडद करडा रंग उचलावा आणि १५०-२०० पिक्सेलच्या मऊ ब्रशने, १५ ते २० टक्के जोराने, पुढच्या मुलाच्या खांद्यालगत आणि डोक्यालगत एकदोनदाच फिरवावा. सावली क्लिप केलेली असल्यामुळे ती मागच्या मुलाच्या अंगाबाहेर जात नाही. ४२ मुलांना याला मला दोन संध्याकाळी लागल्या, पण खांद्याला खांदा लागल्याचा भास त्यातूनच आला.

शेवटी सर्वांच्या वर तात्पुरता कृष्णधवल लेयर ठेवून फोटो पडद्यावर तळहाताएवढा करून पाहावा. जे मूल इतरांपेक्षा पुढे उडी मारून आल्यासारखे किंवा खड्ड्यात गेल्यासारखे दिसेल त्याचा उजेड चुकलेला आहे. मग तो लेयर काढून रंगांची तीव्रता Hue/Saturation मध्ये ६० ने वाढवावी. साध्या डोळ्यांना न दिसणारी पिवळी किंवा निळी झाक लगेच भडक होऊन समोर येते. मला या तपासणीत तीन मुले सापडली होती, तिन्ही ऊसतोडीवरून आलेल्या फोटोंतली. ती दुरुस्त करून दोन्ही लेयर काढले आणि मोठी छपाई करण्याआधी पुढच्या रांगेचा तुकडा ४ × ६ इंचांवर छापून तो व्हरांड्यात, दिवसाच्या उजेडात पाहिला. पडद्यावर बरोबर वाटलेले केस कागदावर थोडे जास्त काळे आले होते, म्हणून काळा आकडा २२ वरून ३० वर नेला आणि मग फाइल छपाईला दिली.