कव्वालीतली तकरार : भांडण कुणाशी?

"कव्वालीवरच्या एका लेखात वाचलं, 'इथे कव्वाल तकरार करतो.' गाणं देवाच्या विरहाचं असेल तर कव्वाल नेमका कुणाशी भांडतो? की ही छपाईची चूक?" (वाशीहून एक वाचक)

भांडत नाही हो कुणाशीच! मागे ठाण्यात एका कार्यक्रमात निवेदिकाबाईंनी माइकवरून सांगितलं, कव्वाली म्हणजे प्रियकर-प्रेयसीची गोड तक्रार, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. सिनेमातल्या मुकाबल्यांनी आपल्या सगळ्यांचीच अशी समजूत करून दिलीय की एका बाजूला बाया, एका बाजूला बुवे, आणि मध्ये टोमणे.

अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, बस. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक 'मुकर्रर!' ओरडतात ना, म्हणजे परत म्हणा, ते याच घरातलं. तेच तेच बोलत राहिलं की वाद होतो म्हणून उर्दू-हिंदीत तकरारचं भांडण झालं आणि आपल्याकडे येऊन तक्रार झाली. माझं तर ठाम मत आहे की मूळ अर्थ मराठीनेच जिवंत ठेवलाय. आमच्या वर्तकनगरच्या घरात छत गळतं, त्याचा मी एकाच ऑफिसात चार वेळा तोच अर्ज दिला, फक्त तारीख बदलून, आणि चौथ्या वेळी खिडकीतला माणूस म्हणाला, "परत तेच?" आता याला अरबी तकरार नाही तर काय म्हणायचं! एकदाच केली तर ती सूचना. हे कुठल्या कोशात मिळणार नाही, पण माझं मत आहे, राहू दे.

तर कव्वालीत काय होतं बघा. मुख्य गायक ओळ म्हणतो, मागचे टाळ्या वाजवत ती उचलतात, ढोलक असतोच. गाताना कव्वालाचं अर्धं लक्ष समोरच्या लोकांकडे असतं. एखादा माणूस एखाद्या शब्दावर हलला, डोळ्यांत पाणी आलं, उठून उभा राहिला, की कव्वाल पुढची ओळ घेत नाही, तिथेच थांबतो. समजा ओळ आहे, 'साजणा, तू अजून आला नाहीस'. आधी सगळी ओळ, मग नुसतं 'अजून आला नाहीस', मग 'अजून', 'अजून', लय चढत जाते. पहिल्यांदा ऐकताना हा साजण कुणीतरी माणूसच वाटतो, पण विसाव्या 'अजून'ला साजण, दार, रात्र सगळं गळून गेलेलं असतं, उरतं फक्त वाट बघणं, आणि इतकं वाट बघणं माणसासाठी असू शकत नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. कवितेत साजण म्हणजे देव हे समजावून सांगावं लागतं, तकरारीत ते घडतं. आपल्या विराण्या ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मधूनच कव्वाल दुसऱ्या कवीचा फारसी शेर किंवा एखादा दोहा घालून फिरून त्याच ओळीवर येतो, त्याला गिरह म्हणतात, म्हणजे गाठ. ती नीट बसली नाही तर रंग उतरतो, लोक पाणी प्यायला उठतात.

यातलं सगळ्यात टोकाचं उदाहरण दिल्लीचं, 1235 सालचं. चिश्ती संत कुतुबुद्दीन बख्तियार काकी समेला बसले होते (समा म्हणजे ऐकणं, गाण्याची बैठक), आणि कव्वालांनी अहमद-ए-जामचा एक फारसी शेर घेतला. समर्पणाच्या खंजिराने जे मारले गेले त्यांना क्षणोक्षणी अदृश्यातून नवा जीव मिळतो, असा त्याचा अर्थ. काकींची शुद्ध हरपली. त्यांना घरी नेलं, पण शुद्धीवर आले की ते तोच शेर मागायचे, त्यामुळे गाणं काही थांबलं नाही, आणि काही दिवसांनी त्यातच ते गेले. पहिल्या ओळीला प्राण जायचे आणि दुसरीला परत यायचे, अशी कथा सांगतात. कथा खरी धरा न धरा, दर्ग्यातल्या कव्वालाला ती शिकवण म्हणून पुरते : ज्या शब्दावर कुणाला हाल आलाय तो त्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही. (हा हाल म्हणजे भावावस्था, आपले हाल होतात ते नव्हे, जरी शब्द एकच असला तरी. त्यावर परत कधीतरी.)

आता एका जाणकारांनी मला छातीठोकपणे सांगितलं की तक्रार 'करार'वरून आला, करार मोडला की तक्रार. सुचायला छान आहे, पण साफ चूक. करारातला क अरबीत घशातून येतो, तकरारीतला साधा. आपण दोन्ही सारखेच लिहितो म्हणून ते भाऊ वाटतात, आहेत फक्त शेजारी. विरहात तळमळणारा तो बेकरार, त्याचं घराणं करारवालं. तकरार त्याच्यासाठी गातात एवढाच संबंध.

आणि हो, तुमच्या लेखातली ती छपाईची चूक नाही. फक्त पुढे कंसात कुणी 'भांडण' असं लिहिलं असेल तर तेवढं खोडा.